सिलिकॉनचा ब्रश न गुआ शा: दाणे कुठून येतात

"चेहरा धुवायचा सिलिकॉनचा ब्रश आणि चेहऱ्यावर ओढायचा गुआ शाचा दगड दोन्ही रोज वापरते तरी हनुवटीला बारीक दाणे येतायत. यांचा खरंच फायदा होतो का आणि हे साफ कसं ठेवायचं?"

ताई, आधी ब्रश उजेडात धरा आणि दातऱ्यांच्या मुळाशी बघा. मी जळगावची, आमच्याकडे बोरचं पाणी इतकं जड की बादलीला पण पांढरा थर धरतो, मला पण असेच दाणे यायचे. एकदा मायने ब्रश हातात घेतला न म्हणे "हाई काय शे व?", बघते तर मुळाशी पिवळट चिकट थर. सिलिकॉन पाणी शोषत नाही म्हणून ते नायलॉनपेक्षा बरं, पण जड पाण्यात साबणाचा साका होतो न त्यात चेहऱ्याचं तेल, मेलेली कातडी अडकते, आणि मी तेच रोज परत चेहऱ्याला घासत होते.

आता वापरून झालं की लिक्विड सोपचा एक थेंब, अंगठ्याने दातऱ्या चोळायच्या, धुवून झटकायचा आणि हवेशीर जागी उभा ठेवायचा, बाथरूमच्या बंद मगात नाही. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरा व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने मुळं घासते, मग परत साबणाने धुते. बोट फिरवल्यावर निसरडं लागलं तर थर अजून आहे.

पण गुआ शाचा दगड व्हिनेगरमध्ये टाकू नका हं! जेड म्हणून रंगवलेला संगमरवर पण विकतात, आंबटाने त्याची चमक जाते न पृष्ठभाग खरखरीत होतो. दगडाला कोमट पाणी, साबण, मग कोरडं फडकं एवढंच. नुसतं टॉवेलने पुसलं तर तेलाचा थर राहतो, तिथेच धूळ बसते. कडेवरून नख फिरवा, अडकलं तर टवका उडालाय, तो दगड चेहऱ्याला नको.

फायद्याचं म्हणाल तर ब्रशने दिवसभराचं सनस्क्रीन न घाम नीट निघतो, पण बोटांनीही बऱ्यापैकी निघतो, म्हणून आठवड्यात दोन-तीन रात्री, अर्धा मिनिट, हलक्या हाताने पुरे, रोज घासून कातडी लाल होते. फोडांवर तर दोन्ही नको. गुआ शाने सकाळची सूज काही तास उतरते, जबडा बारीक होत नाही. तेल लावल्याशिवाय ओढू नका, पण दाणे येतात तर खोबरेल टाळा, न नंतर चेहरा धुवा.

मी तीन आठवडे दोन्ही बंद ठेवले, दाणे कमी झाले, मग आधी फक्त ब्रश चालू केला आणि दोन आठवड्यांनी दगड, म्हणजे कशाने होतंय ते कळतं. माझं ब्रशचंच निघालं. तुमचे दाणे सगळे एकसारखे बारीक असतील, खाजत असतील, कपाळावर पण असतील तर ते बुरशीचं असू शकतं, तेव्हा तेल बंद करून स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.