जोखीम दरात धरायची की कॅश फ्लोमध्ये?

प्रश्न: प्रकल्पाची जोखीम धरायला रिस्क-ॲडजस्टेड डिस्काउंट रेट आणि सर्टन्टी इक्विव्हलंट अशा दोन पद्धती शिकवल्या. दोन्हींचं उत्तर एकच येतं का? आणि पुस्तकं दुसरीला सरस म्हणतात, तर सगळे पहिलीच का वापरतात?

उत्तर:

एकच उत्तर येऊ शकतं, पण त्यासाठी एक अट पाळली जावी लागते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पहिल्या पद्धतीत अपेक्षित कॅश फ्लो आहे तसा ठेवून दर वाढवतात. दुसरीत आधी विचारतात, ‘या अनिश्चित रकमेच्या बदल्यात किती खात्रीची रक्कम मला चालेल?’ ती खात्रीची रक्कम भागिले अपेक्षित रक्कम म्हणजे गुणक; त्या गुणकाने कॅश फ्लो कमी करतात आणि मग रिस्क-फ्री दराने आजच्या किमतीत आणतात. दोन्ही उत्तरं जुळायची असतील तर t व्या वर्षाचा गुणक असा यावा लागतो:

```
a(t) = ((1 + rf) / (1 + k))^t
```

rf म्हणजे रिस्क-फ्री दर, k म्हणजे जोखमीसह दर. समजा rf 6% आणि k 12% आहे. मग पहिल्या वर्षाचा गुणक 0.946 येतो आणि पाचव्याचा 0.759. म्हणजे दरवर्षी 80 अपेक्षित असतील, तर पहिल्या वर्षीचे 80 आपण खात्रीच्या 75.7 इतके मोलाचे धरले आणि पाचव्या वर्षीचे फक्त 60.7 इतके. एकच k सगळ्या वर्षांना लावला की जोखीम दरवर्षी ठराविक वेगाने साचत जाते, हे आपण न बोलता मान्य केलेलं असतं. रोबिचेक आणि मायर्स यांनी 1966 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं.

बऱ्याच धंद्यांत हे गृहीतक ठीकठाक चालतं, कारण दूरच्या वर्षांचा अंदाज खरोखरच जास्त डळमळीत असतो. पण जिथे सगळी धाकधूक पहिल्या वर्षीच्या चाचणीपुरती आहे आणि ती पार पडली की पुढची विक्री करारात बांधलेली आहे, तिथे पाचव्या वर्षाला इतकी कात्री लावणं चूक आहे. चांगला प्रकल्प विनाकारण नाकारला जातो.

खरी गोची मात्र शेवटी पैसे बाहेर जातात तेव्हा होते. एक कारखाना घेऊ. आज गुंतवणूक 240, पाच वर्षं दरवर्षी 80 आवक आणि सहाव्या वर्षी जागा साफ करून परत द्यायचा अपेक्षित खर्च 60. सगळ्याला सरसकट 12% लावले, तर आवकीची आजची किंमत 288.4 आणि सफाईची 30.4. एनपीव्ही 18.0, प्रकल्प मंजूर.

आता सफाईच्या खर्चाकडे नीट बघा. ही देणी आहे, आणि तिचा आकडा अनिश्चित आहे म्हणून आपण दर चढा लावला. चढ्या दराने देणी लहान झाली! जोखीम जितकी जास्त धराल तितका प्रकल्प आकर्षक दिसेल. हाच खर्च 6% ने आणला तर 42.3 होतो आणि एनपीव्ही 6.1 वर येते. समजा या खर्चातली अनिश्चितता टाळायला आपण खात्रीचे 72 द्यायलाही तयार आहोत, म्हणजे गुणक 1.2. मग त्याची आजची किंमत 50.8 होते आणि एनपीव्ही उणे 2.4. आवकीला हात न लावता निर्णय उलटला. (सफाईचा खर्च नेमका तेजीच्या काळातच वाढणारा असेल, तर गुणक 1 च्या खालीही येऊ शकतो. तो खर्च कशामुळे हलतो हे आधी बघावं लागतं.)

म्हणून माझं मत असं: आवक साधारण एकसारखी असेल तर रिस्क-ॲडजस्टेड दर वापरा, पण शेवटची मोठी देणी, करारबद्ध भाडं किंवा चाचणीनंतर निवळणारी जोखीम असेल तर ते आकडे वेगळे काढून सर्टन्टी इक्विव्हलंटने हाताळा. एक चूक फार दिसते: गुणकाने रक्कम कमी करायची आणि पुन्हा 12% नेच आजच्या किमतीत आणायची. यात जोखीम दोनदा कापली जाते. तपासायला सोपं आहे, गुणक लावलेल्या ओळीखाली दर रिस्क-फ्रीच असला पाहिजे.

मग सगळे पहिलीच पद्धत का वापरतात? कारण k शेअर बाजारातल्या परताव्यांवरून काढता येतो, तर गुणक कोणी ठरवायचा यावर बैठकीत वाद होतात. 0.9 का आणि 0.85 का नाही, याला सहसा ठोस आधार नसतो. याला एक सुंदर अपवाद आहे. तांबं किंवा कच्चं तेल विकणाऱ्या प्रकल्पात फ्युचर्सचा भाव म्हणजे बाजारानेच ठरवलेला सर्टन्टी इक्विव्हलंट भाव असतो. तो उत्पादनाच्या प्रमाणाने गुणून रिस्क-फ्री दराने आणला की किमतीची जोखीम धरून झाली, गुणकाचा अंदाज बांधावा लागत नाही. उत्पादन किती निघेल याची जोखीम मात्र वेगळी धरावी लागते, आणि दूरच्या वर्षांच्या फ्युचर्समध्ये व्यवहार विरळ होत जातात, तेव्हा त्या वर्षांचा भाव जपूनच वापरा.