काळजीला ठरवून दिलेली वीस मिनिटे

‘मॅडम, माझ्या डोक्यात दिवसभर कसली ना कसली काळजी चालूच असते. घरचे म्हणतात, विचार करू नकोस, पण ते जमत नाही. आता तुम्ही सांगता की काळजी करायला रोज एक वेळ ठरवून ठेवा. आधीच एवढी काळजी करते, त्यात मुद्दाम बसून आणखी करायची? त्याने ती वाढणार नाही का? आणि दुपारी दोन वाजता आलेला विचार संध्याकाळपर्यंत थांबेल तरी कसा?’

हा प्रश्न मला अनेकजण विचारतात, पण तो इतक्या नेमक्या शब्दांत विचारला तो कोल्हापूरच्या एका बाईंनी. वय चाळिशीच्या आसपास, एका छोट्या कारखान्यात हिशेबाचे काम, पती औषध कंपनीत प्रतिनिधी, मुलगा बारावीत आणि घरी मधुमेह असलेल्या सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना दिलेले उत्तर आणि पुढे घडलेले येथे सांगते.

काळजी वाढत नाही, कारण या पद्धतीत तिचे एकूण प्रमाण वाढवायचे नसून तिची जागा बदलायची असते. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली. तिच्यामागची कल्पना निद्रानाशाच्या उपचारातून आलेली आहे. ज्याला झोप लागत नाही त्याने अंथरुणाचा उपयोग फक्त झोपेसाठी करावा, म्हणजे अंथरूण आणि जागरण यांची पडलेली गाठ सुटते, असे तो उपचार सांगतो. काळजीचेही तसेच होते. ती बसमध्ये, ऑफिसच्या टेबलाशी, ओट्यापाशी आणि उशीवर सगळीकडे केली जाते, त्यामुळे यांतील प्रत्येक जागा तिची आठवण करून देऊ लागते. म्हणून तिला रोज एकच वेळ आणि एकच जागा द्यायची. ‘विचार करू नकोस’ या सल्ल्याशी याचे काहीही नाते नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तेव्हा ते अस्वल त्यांच्या मनात पुन्हापुन्हा येत राहिले. विचार दाबणे वेगळे आणि ‘आत्ता नाही, सव्वासहाला’ असे म्हणणे वेगळे, कारण दुसऱ्या प्रकारात मनाला नकार दिलेला नसतो, तारीख दिलेली असते.

पहिल्या आठवड्यात बाईंना काहीही बदलायला सांगितले नाही. काळजी सुरू झाल्याचे लक्षात येईल तेव्हा वेळ आणि विषय दोन-तीन शब्दांत टिपायचा, एवढेच काम होते. हा टप्पा पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो आणि ते तो गाळतात, पण काळजी सुरू होताच ओळखता आली नाही तर ती पुढे ढकलता येत नाही. अर्धा तास उलटून गेल्यावर लक्षात येते. त्यांच्या टिपणांवरून दिसले की दिवसभर वाटणारी ही काळजी प्रत्यक्षात तीन ठिकाणी दाटत होती : पती मोटारसायकलवरून निघाल्यानंतरचा तास, दुपारचे जेवण झाल्यानंतर ऑफिसात, आणि रात्री दिवा मालवल्यावर. विषयही थोडेच होते. पतीचा अपघात, जीएसटीच्या विवरणपत्रातली चूक, मुलाचे गुण आणि सासूबाईंची साखर.

वेळ ठरवताना त्यांनी रात्री दहा वाजताची सुचवली, कारण तेव्हाच निवांतपणा मिळतो. मी नको म्हटले. झोपेच्या तोंडावर काळजी करत बसले की ती अंथरुणात सोबत येते. शेवटी ऑफिसातून आल्यावर चहा झाला की स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, सव्वासहा ते सहा पस्तीस, ही वेळ ठरली. जागा म्हणून मागच्या गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची निवडली. एरवी तिथे त्या बसत नसत, हे चांगले होते. पलंग, देवघरासमोरचा पाट किंवा टीव्हीसमोरचा सोफा मी कधी सुचवत नाही, कारण तिथे आपल्याला नंतर शांतपणे बसायचे असते. बोर्कोवेकच्या पद्धतीत अर्धा तास दिलेला होता. माझ्या अनुभवात सुरुवातीला वीस मिनिटे पुरतात. मोबाइलमध्ये शेवटचा गजर लावायचा आणि तो वाजला की उठून कुकर लावायचा, हेही तेव्हाच ठरवले. नंतर हाताला लगेच काम नसेल तर वीस मिनिटांची चाळीस होतात.

आता दुपारी दोनच्या विचाराचे काय? पाकिटात एक छोटी वही ठेवायची, विचार आला की त्यावर ‘हायवे, कागलच्या पुढे’ एवढे लिहायचे, मनाशी ‘सव्वासहाला बघते’ म्हणायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचे. वळायचे म्हणजे नेमके काय, हे सांगावे लागते, कारण ‘कामात लक्ष घाल’ हा सल्ला हवेत राहतो. बाईंनी समोरच्या व्हाउचरचा क्रमांक आणि रक्कम हलक्या आवाजात वाचायची, असे आम्ही ठरवले. विचार पाच मिनिटांनी पुन्हा आला तर पुन्हा लिहायचे नाही, आधीच्या ओळीपुढे एक रेघ मारायची. पहिल्या काही दिवसांत एकेका ओळीपुढे भरपूर रेघा असत, आणि ते अपेक्षितच होते. विचार येणे थांबवायचे नव्हते, त्याच्याशी बोलत बसणे थांबवायचे होते.

खरी अडचण विचारात नव्हती, फोनमध्ये होती. पती निपाणीकडे किंवा गडहिंग्लजकडे निघाले की बाई ‘कुठे पोहोचलात?’ म्हणून तीन-चार वेळा फोन करत. फोन लागला की बरे वाटे, आणि अर्ध्या तासात पुन्हा शंका येई. असा फोन म्हणजे काळजीच, फक्त बोटांनी केलेली, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तेव्हा पतीने पोहोचल्यावर एक आणि परत निघताना एक असे दोन संदेश पाठवायचे आणि बाईंनी मधे फोन करायचा नाही, असे दोघांच्या संमतीने ठरले. हे केल्याशिवाय नुसती वही उपयोगी पडली नसती, असे माझे मत आहे. सासूबाईंनीही एक मदत केली : त्या वीस मिनिटांत गॅलरीचे दार कुणी वाजवायचे नाही, हा नियम घरात त्यांनीच लावला.

सव्वासहाला वही उघडली की आधी सगळ्या ओळी वाचायच्या. जी काळजी आता काळजीच वाटत नाही तिच्यावर काट मारायची. बाईंच्या बऱ्याच ओळी इथेच संपत, कारण पती तोपर्यंत घरी आलेले असत. उरलेल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : याबाबत मला उद्यापर्यंत काही करता येईल का? जीएसटीच्या ओळीचे उत्तर ‘होय’ होते. विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे होते आणि एका पुरवठादाराचे बिल पोर्टलवरच्या टूबीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीत, दिसत नव्हते. त्यावर त्यांनी लिहिले, ‘उद्या दहाला खरेदी रजिस्टर टूबीशी ताडायचे, बिल नसेल तर पुरवठादाराला फोन.’ पहिले पाऊल आणि त्याची वेळ लिहिली की ती ओळ त्या दिवसापुरती संपली.

अपघाताच्या ओळीला असे पाऊल नव्हते. हेल्मेट होते, गाडीची सर्व्हिसिंग झाली होती, यापुढे हातात काही नव्हते. अशा ओळीपाशी मी काळजी करायलाच सांगते, तीही अर्धवट न सोडता. फोन येईल, कोण उचलेल, मग काय होईल, हे वाक्यावाक्याने कागदावर लिहायचे. मधेच देवाचे नाव घेऊन विचार बदलायचा नाही, बातम्या शोधायच्या नाहीत, पतीला हाक मारून खात्री करून घ्यायची नाही. दिवसभर ही काळजी पहिल्या भयंकर दृश्याशी येऊन तुटत असे आणि म्हणून पुन्हा तिथूनच सुरू होई. गॅलरीत ती पुढे सरकली. पहिल्या दोन दिवशी बाई रडल्या. नंतरच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘तेच तेच लिहून कंटाळा येतो, दहा मिनिटांच्या पुढे काही सुचतच नाही.’ तरीही पहिले काही आठवडे पूर्ण वेळ बसायचे, अशी मी अट घातली होती. काळजी आपल्या ताब्यात नाही, ती सुरू झाली की थांबत नाही, असा त्यांचा पक्का समज होता; आणि ठरवूनही वीस मिनिटे काळजी करता येत नाही, हे कळल्यावर तो समज सैल झाला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांच्या उपचारपद्धतीत काळजी पुढे ढकलण्याचा मुख्य हेतू हाच मानला आहे, आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो.

गाडी एकदा घसरलीही. एका बऱ्या आठवड्यात बाईंनी लागोपाठ काही दिवस खुर्चीकडे पाठ फिरवली, कारण ‘काळजी नव्हती, उगाच कशाला उकरून काढायची?’ पुढच्या सोमवारी ‘सव्वासहाला बघते’ हे वाक्य चालेना. ते साहजिक होते, कारण दिलेली वेळ पाळली गेली नाही की मन तिच्यावर विसंबत नाही. दुसरी खूण वहीत दिसली : दोन-तीन शब्दांच्या जागी अर्धे पान भरू लागले होते, म्हणजे काळजी दुपारीच उरकली जात होती. आम्ही एका ओळीत चार शब्दांची मर्यादा घातली आणि वही रिकामी असली तरी खुर्चीवर जायचेच, असे ठरवले. रात्रीसाठी उशीजवळ पेन्सिल आणि कागद ठेवला. त्यावर शब्द लिहायचे आणि ‘उद्या सव्वासहा’ म्हणायचे. तरीही झोप येत नसेल तर तळमळत पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे.

हे सगळ्यांसाठी नाही. गॅसचा वास येतोय किंवा सासूबाईंना साखर उतरल्याने घाम फुटलाय, तर ते तात्काळ करायचे काम आहे, वहीत लिहायची काळजी नव्हे. हात धुण्यासारख्या कृती पुन्हापुन्हा कराव्या लागत असतील, किंवा मन भविष्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टींत आणि स्वतःला दोष देण्यात अडकले असेल, तर उपचार वेगळे लागतात. छातीत धडधड, वजन उतरणे आणि हात थरथरणे असेल तर आधी थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. जगणे नको वाटते, असा विचार कधीही पुढे ढकलायचा नाही. तो लगेच कुणाला तरी सांगावा, किंवा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येते.

बाईंची काळजी संपलेली नाही. पती पावसात घाट उतरत असले की त्यांचा हात अजून फोनकडे जातो आणि कधीकधी फोन लागतोही. पण दुपारचे हिशेब त्या पुन्हा तपासत बसत नाहीत आणि रात्री उशीजवळचा कागद बहुतेक वेळा कोराच राहतो. वीस मिनिटे आम्ही आधी दहावर आणली आणि आता आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या गॅलरीत बसतात. मुलाची परीक्षा जवळ आली की काही दिवस पुन्हा रोज बसायचे, असे ठरले आहे.