अपेंडिक्स दिसलं नाही, म्हणून लगेच सीटी नको

पुणे

प्रिय डॉक्टर,

हडपसरहून रात्री आलेल्या त्या आठ वर्षांच्या मुलीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात तू लिहिलंस, 'अपेंडिक्स दिसत नाही, सीटी करावा.' पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्याची घाई झाली, म्हणून हे लिहितोय.

सकाळी मी तिला म्हटलं, "एका बोटाने दाखव, कुठे दुखतं?" तिने बोट कमरेच्या बाजूला ठेवलं, तू शोधत होतास त्याच्या बरंच मागे. तिथे लिनियर प्रोब ठेवून हळूहळू दाबत गेलो. एकदम दाबलं तर मूल पोट ताठ करतं आणि मग काहीच दिसत नाही. दाबाने आतड्यातला गॅस बाजूला सरतो. खाली सोअस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्या दिसेपर्यंत आपण पुरेसं खोल पाहिलेलं नसतं, हे ध्यानात ठेव. तरीही अपेंडिक्स सापडेना. मग तिला डाव्या कुशीवर वळवलं, दुसऱ्या हाताने पाठीकडून पुढे दाब दिला आणि सीकमच्या मागे लपलेली नळी समोर आली. टोक बंद, हालचाल नाही, दाबली तरी चपटी होत नाही. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ९ मिमी. आत एक चकाकता खडा, त्याच्यामागे काळी सावली. भोवतीची चरबी पांढरट, फुगलेली.

६ मिमीच्या वर गेलं की अपेंडिसायटिस, एवढंच पाठ करू नकोस. निरोगी मुलातही आत मळ किंवा गॅस असेल तर नळी तेवढी जाड भरते. मी चरबीवर जास्त विश्वास ठेवतो. आणि फुटलेलं अपेंडिक्स रिकामं होऊन चपटंही होतं, तेव्हा भिंतीतली पांढरी रेघ तुटली आहे का, शेजारी पू साचलाय का, हे बघ. हिची रेघ अखंड होती. सर्जननी दुपारी ऑपरेशन केलं, फुटलेलं नव्हतं.

अपेंडिक्स दिसलंच नाही, पण चरबी नीट आहे, पू नाही आणि मूलही बऱ्यापैकी आहे, तर सर्जनशी बोलून त्याला निगराणीखाली ठेवायचं आणि सहा ते बारा तासांनी पुन्हा सोनोग्राफी करायची. मुलांच्या पेशींना किरणांचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो आणि तो दिसून यायला पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. एमआरआयची सोय असेल आणि मूल स्थिर पडून राहत असेल, तर सीटीआधी त्याचा विचार कर. मूल खालावतंय, खोलवर पू असल्याची शंका आहे आणि गॅसमुळे किंवा लठ्ठपणामुळे आपल्याला दिसत नाही, अशा वेळी मात्र सीटी टाळू नकोस. फक्त डोस मुलाच्या वजनाप्रमाणे ठेव आणि एकाच फेजमध्ये आटप.

रिपोर्टात यापुढे असं लिही: 'अपेंडिक्स दिसलं नाही. भोवतीच्या चरबीत सूज नाही, पू नाही.' सर्जनला रात्री काय करायचं ते या दुसऱ्या वाक्यावरून ठरवता येतं.

तुझा,
सर