आधी कप, मग कमोड

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. आजोबांना सहाला उठवून तू लगेच कमोडवर बसवतेस, अर्धा तास काहीच होत नाही, आणि सव्वासातच्या सुमारास अंथरुणात होतं. म्हणून आता डायपरच लावू का, असं विचारतेस. डायपरचं नंतर बघू. साडेसहाला ते चहा घेतात आणि सोबत थोडं खातात, हे तूच लिहिलं आहेस. मग सव्वासातला होणारच ना! त्यांचं आतडं वेळेवर काम करतंय, तूच त्यांना आधी बसवतेस. आधी कप, मग कमोड.

जठरात अन्न पडलं की मोठं आतडं पुढचा माल पुढे ढकलायला लागतं. रात्रभर संथ असलेलं आतडं जाग आल्यावर हलू लागतं, म्हणून सकाळच्या पहिल्या खाण्यापिण्यानंतर हा जोर जास्त असतो. नुसत्या चहापेक्षा सोबत पोटाला आधार होईल असं काही खाल्लं तर तो आणखी वाढतो.

तेव्हा साडेसहाचा चहा-खाणं तसंच ठेव आणि सात वाजण्याच्या आत बसव. पावलं स्टुलावर टेकलेली, गुडघे कमरेपेक्षा जरा वर, अंग किंचित पुढे झुकलेलं. पाय लोंबकळत असले तर जोर लागत नाही. श्वास रोखून कुंथू देऊ नकोस. दहा मिनिटांत झालं नाही तर उठव, पुढच्या जेवणानंतर पुन्हा बसव. अर्धा अर्धा तास बसवून ठेवण्याने नुसते पाय बधिर होतात, दुसरं काही नाही.

मी काम करायचे त्या वॉर्डात सगळ्यांना चहाच्या आधी, एकाच वेळी बसवायचे, कारण पाळी बदलायच्या आत चादरी आवरायच्या असत. त्यावरून मी वाद घातले, हट्टी म्हणून नाव पडलं. पडू दे. चादरीच्या सोयीने आतडं चालत नाही, आणि हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगेन: आधी कप, मग कमोड.

दोन-तीन आठवडे वेळ बदलू नकोस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. काय खाल्लं, कधी झालं, घट्ट की पातळ, एवढं वहीत लिही. 'जरा थांबा, आले' असं म्हणून त्यांना ताटकळत ठेवू नकोस. आलेली कळ दाबली की ती विरते, मलातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि तो कडक होतो.

एक मात्र नीट बघ. कित्येक दिवस घट्ट काही झालेलं नाही आणि कपड्यांना पातळ डाग लागताहेत, तर ते जुलाब समजून औषध देऊ नकोस. अडकलेल्या कडक गोळ्याच्या कडेने पातळ झिरपत असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना दाखव. रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं तरीही. त्यांच्या गोळ्यांची यादी सोबत ने, काही वेदनाशामकं आणि लोहाच्या गोळ्या पोट बांधतात.

पुढच्या पत्रात वहीची पानं पाठव.

तुझी,
मावशी