यमूला ‘भित्री’ म्हणण्याआधी

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

‘पण लक्षात कोण घेतो?’वरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. दुसऱ्या पानावर तू लिहितेस, ‘यमू शेवटपर्यंत बंड करत नाही, ती व्यवस्थेला शरण जाते.’ मी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलंय : बंड करून जाणार कुठे?

चिडू नकोस, प्रश्न खरा आहे. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी १८९०च्या सुमारास ‘करमणूक’मधून येऊ लागली. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्याच कायद्याने जायचा. विधवांना आसरा देणारं पंडिता रमाबाईंचं शारदा सदन उघडलं १८८९ साली. म्हणजे यमूसारख्या विधवेला घराबाहेर पाऊल टाकायला जागाच इनमीन एवढी. हे मांडून मग बघ : नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकणं आणि आपली कहाणी ‘मी’ म्हणून सांगणं, ही त्या घरात केवढी उडी होती!

पण म्हणून ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून हात झटकू नकोस. तीही कालविसंगतीच, फक्त उलट बाजूची. काळ एका तोंडाने बोलत नसतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक विचारलं होतं, की सारे नियम बायकांनाच का? तेव्हा मनाविरुद्ध यमूचं केशवपन करवणाऱ्या शंकरमामंजींना दोषी ठरवायला तुला आजची फूटपट्टी लागत नाही. त्या काळाचीच पुरते.

तीच फूटपट्टी आता लेखकाला लाव. माझ्या मते तुझ्या निबंधाचा जीव इथे आहे आणि तू त्याला दोनच ओळी दिल्यास. यमूचं सुख येतं ते रघुनाथरावांसारखा भला नवरा मिळाला म्हणून, आणि तो गेला की सगळंच जातं. नवरा भला निघण्यावर बाईचं सगळं का अवलंबून असावं, हा प्रश्न कादंबरी कितपत विचारते? ताराबाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवलीस की तिच्या सुधारकी करुणेची हद्द दिसते. शिवाय हा ‘मी’ एका पुरुषाने लिहिलेला. बायकी बोली त्याने विलक्षण पकडलीय, मान्य. पण यमू कुठे गप्प बसते आणि ते गप्प बसणं तिचं की हरिभाऊंचं, हे पानं उलटून शोध.

आणखी एक. ‘हिंदू विधवेचं केशवपन’ हे शब्द बदल. ही चाल मुख्यतः ब्राह्मणी घरांतली. कित्येक जातींत विधवा पाट लावत असत. यमूच्या घराला साऱ्या समाजाचं नाव दिलंस, तर त्या बाकीच्या बायका तुझ्या निबंधातूनच गायब होतील.

पुढच्या खर्ड्यात ‘पितृसत्ता’ हा शब्द खुशाल ठेव, तो तुझा आहे. फक्त यमूच्या तोंडी घालू नकोस. तिचे शब्द कोणते, त्यांची यादी शनिवारी घेऊन ये.

तुझी,
बाई