हिरवी बॅग, पण वजन कुठल्या बॅगेचं?

प्रश्न: तिकीट विकणाऱ्या साइटवर पुणे–दिल्ली विमानांच्या यादीत तिकिटासमोर बॅगेचं हिरवं चिन्ह होतं, म्हणून १५ किलोची बॅग घेऊन गेले. काउंटरवर ४,५०० रुपये भरावे लागले. परतीचं तिकीट ५,४०० रुपयांचं आहे. त्याच्यापुढे दोन बाण आणि ₹ असं चिन्ह होतं. आता तारीख पुढे ढकलायची तर ३,००० रुपये आणि वर भाड्यातला फरक १,९०० मागतात. हे पैसे मला परत मिळतील का?

उत्तर: आधी बॅगेचे ४,५०० पाहू. हिरवा रंग एवढंच सांगतो की ती गोष्ट भाड्यात धरलेली आहे. ती गोष्ट कुठली, हे चिन्हावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या मजकुरातच कळतं. तिथे बहुधा ‘केबिन ७ किलो’ असं असेल, म्हणजे हातात घेऊन विमानात चढायची बॅग. काउंटरवर द्यायच्या बॅगेसाठी वेगळं चिन्ह असतं आणि ते करडं किंवा काट मारलेलं असू शकतं. एका साइटवर केबिन बॅगेला जो आकार असतो, तोच दुसरीकडे मोठ्या बॅगेला दिलेला दिसतो. म्हणून आकारावर विसंबू नका, किलोचा आकडा वाचा. यादीतलं चिन्ह सहसा त्या विमानाच्या सर्वांत स्वस्त भाड्याचं असतं, हेही लक्षात असू द्या.

आता तुमचं ई-तिकीट काढा. काउंटरवर द्यायच्या सामानाच्या रकान्यात 15K असेल तर १५ किलो तुमच्या हक्काचे होते आणि ४,५०० रुपये चुकीने घेतले गेले. दावा सरळ आहे. 0PC, NIL किंवा ‘0 kg’ असेल तर ते बिनसामानाचं भाडं आहे. असं भाडं विकायला विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था डीजीसीएने २०२१ पासून परवानगी दिली आहे, पण अट अशी की काउंटरवर सामान दिल्यास किती शुल्क लागेल हे बुकिंग करताना ठळकपणे सांगायचं आणि तिकिटावर छापायचं. तुमच्या तिकिटावर ते शुल्क छापलेलं नसेल, तर तुमची बाजू इथेच बळकट होते. छापलेलं असेल, तर नुसत्या हिरव्या चिन्हावर ग्राहक आयोग पूर्ण रक्कम देईल असं मला वाटत नाही, कारण बुकिंगचा सगळा मार्ग पाहिला जातो.

बाण आणि ₹ या चिन्हाचा अर्थ ‘पैसे भरून बदल शक्य’. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिन्ह फक्त शुल्काबद्दल बोलतं. ‘बदल मोफत’ लिहिलेल्या तिकिटावरही फरक भरावा लागतोच. त्यामुळे १,९०० बद्दल तक्रार टिकणार नाही. ३,००० चं मात्र विभाजन लेखी मागा: विमान कंपनीचं शुल्क किती, साइटचं किती. बुकिंगच्या वेळी न दाखवलेली रक्कम साइटने त्यात घातली असेल, तर तेवढ्यावर आक्षेप घेता येतो. किंमत अशी टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्धच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे.

पैसे भरण्याआधी एक हिशेब करा. बदलाला ४,९०० लागतात. तिकीट रद्द केलं तर रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सरकारी कर व विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं, भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी. समजा ५,४०० पैकी मूळ भाडं आणि अधिभार ४,३०० आहे, कर १,१०० आहेत आणि रद्द करण्याचं शुल्क ३,५०० आहे. मग १,९०० परत येतील. त्याच विमानाचं नवं तिकीट ७,३०० ला पडेल, म्हणजे खिशातून ५,४०० जातील, बदलच स्वस्त. पण दुसऱ्या कंपनीचं तिकीट ५,९०० ला मिळत असेल, तर खर्च ४,००० वर येतो. तुमच्या तिकिटावरचे खरे आकडे घालून बघा. परतीच्या प्रवासाची बॅग तारीख पक्की झाल्यावर लगेच ऑनलाइन घ्या. काउंटरवर तीच महाग पडते.

पुराव्यासाठी तोच शोध पुन्हा करा आणि चिन्ह, उघडलेला मजकूर व पैसे भरण्याचं पान यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. पान आता बदललेलं असेल, तर बुकिंगची ईमेल, तिकीट आणि काउंटरची पावती यांवर भर द्या. मग साइट आणि विमान कंपनी दोघांनाही एकच ईमेल पाठवा. उत्तर आलं नाही तर एअरसेवा या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी तक्रार पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, दिल्लीला जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे.