आधी सोमवारचे पैसे थांबवा, डिप्लोम्याचे मग पाहू

*ताई, मुलगा बी.कॉम. झाला. एमपीएससीची पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. घरची चार एकर केळी आहे, आता म्हणतो दुबईला पाठवतो. बिझनेस पोर्टलवर त्याला तिथली मोठी पार्टी मिळाली. तीन कंटेनरची ऑर्डर पक्की आहे, बऱ्हाणपूरच्या भावापेक्षा क्विंटलमागे ६०० रुपये जास्त देणार आहेत, एलसीची कॉपीही आली आहे. व्हेंडर नोंदणी आणि कराराच्या अ‍ॅटेस्टेशनचे १,३८,००० रुपये सोमवारपर्यंत भरायचे आहेत, फॉर्मचे ९,५०० गेल्या आठवड्यात भरले. सगळे कागद सोबत जोडले आहेत. मी त्याला सांगून ठेवले आहे, आखाजीपर्यंत काहीतरी करून दाखव, नाहीतर पुन्हा अभ्यासाला बस. एक्स्पोर्टचा डिप्लोमा कुठून करावा म्हणजे पुढे अडचण येणार नाही?*
*– एक पालक, यावल तालुका*

भाऊ, सोमवारी एक रुपयाही पाठवू नका. गेलेल्या ९,५०० साठी आजच १९३० या क्रमांकावर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्या बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. आठवडा उलटला आहे, म्हणून फार आशा लावत नाही, पण नोंद हवीच.

कागद उघडण्याआधी मी तुमच्या पत्रातल्या आखाजीपाशी अडले. तुम्ही मुलाला एक तारीख दिली आणि त्या ‘पार्टी’ने दुसरी दिली. दोघांचे म्हणणे एकच, लवकर कर नाहीतर संधी गेली. बी.कॉम. झालेल्या मुलाला १,३८,००० मागणाऱ्याविषयी शंका आली नसेल असे मला वाटत नाही. शंका आली असणार, पण ती तुमच्यासमोर काढली तर ‘बघ, हेही जमले नाही’ हेच ऐकावे लागेल, हे त्याला माहीत आहे. ज्या घरात मुलाला ‘बाबा, मला यात काळेबेरे वाटते’ असे म्हणता येत नाही, त्या घरातून पैसे काढणे सोपे असते. ती मुदत आज मागे घ्या, तीही त्याच्यासमोर बसून.

आता कागद. हा धडा तुमच्या मुलाला कुठल्याही डिप्लोम्याआधी हवा, म्हणून जरा सावकाश लिहिते.

पहिली गोष्ट पैशाच्या दिशेची. निर्यातीत माल आपण देतो, म्हणजे पैसा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवा. आपल्याला खर्च असतात, नाही असे नाही. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, चेंबर ऑफ कॉमर्सचे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, कस्टम हाउस एजंट, कंटेनरचे भाडे. पण हे पैसे ज्याचे त्याला थेट भरले जातात आणि त्याची पावती मिळते. माल विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून नोंदणीचे पैसे उकळायचे आणि तेही भारतातल्या एका माणसाच्या बचत खात्यात, हा कुठल्याही निर्यातदाराने पाहिलेला व्यवहार नाही. ते खाते तुम्हीच पत्राला जोडलेल्या चिठ्ठीवर आहे. कंपनी दुबईची आणि खाते कुणा भलत्याच व्यक्तीचे. आपले एनईएफटी-आरटीजीएस खाते क्रमांकावर जाते, आपण लिहिलेल्या नावावर नाही. १ एप्रिल २०२५ पासून मात्र पैसे पाठवण्याआधी त्या खात्यावरचे खरे नाव बँक दाखवते. पुढे कोणालाही पैसे पाठवताना ते नाव वाचायची सवय मुलाला लावा.

दुसरी गोष्ट एलसीची, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशाची हमी देणाऱ्या पत्राची. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एलसी म्हणजे पीडीएफ आहे, आणि पीडीएफ मीही बनवू शकते. खरी एलसी खरेदीदाराच्या बँकेकडून आपल्या बँकेकडे स्विफ्टच्या जाळ्यातून येते, त्या संदेशाला एमटी ७०० म्हणतात. ती खरी आहे की नाही हे आपली बँक तपासते आणि मग आपल्याला कळवते. खरेदीदार फार तर मसुदा पाठवेल. तेव्हा सोमवारी पैसे भरायला नव्हे, ती प्रत दाखवायला बँकेत जा. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचे काम बहुधा होत नसेल, पण ते कोणत्या शाखेकडे जाते हे तिथले साहेब सांगतील. विचारायचे एवढेच: ‘या क्रमांकाची एलसी आमच्या नावाने आली आहे का?’ उत्तर ‘नाही’ असे आले तर तो कागद रद्दीत टाकायच्या लायकीचा समजा.

आता एक गैरसमज, आणि हा चांगल्या शिकलेल्यांनाही असतो. तुमच्या मुलाने चिठ्ठीत लिहिले आहे की दुबईच्या कंपनीचे ट्रेड लायसन्स त्याने तपासले, ते चालू आहे. मीही अमिरातीच्या नॅशनल इकॉनॉमिक रजिस्टरवर तो क्रमांक टाकून पाहिला. कंपनी आहे, लायसन्सची मुदत आहे, व्यवसायात भाजी-फळांचा व्यापारही आहे. मुलगा चुकला नाही. पण लायसन्स खरे असल्याने कंपनी खरी ठरते, तुमच्याशी बोलणारा माणूस खरा ठरत नाही. मी त्या कंपनीची वेबसाइट शोधून पाहिली. तिथल्या ईमेलच्या पत्त्यात आणि तुम्हाला आलेल्या ईमेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक आहे, शेवटी एक ‘एस’ जास्त. तुम्हाला आलेल्या पत्त्यातला @ च्या पुढचा भाग lookup.icann.org वर टाकला तर तो दोन महिन्यांपूर्वी घेतल्याचे दिसते, आणि पत्रात मात्र वीस वर्षांचा अनुभव. म्हणजे चांगल्या कंपनीचे नाव कोणीतरी पांघरून बसले आहे. आपल्याकडच्या आयईसी नंबरचेही तसेच. ५०० रुपये भरून तो ऑनलाइन मिळतो, त्याने माणूस निर्यातदार म्हणून नोंदला जातो, विश्वासू म्हणून नाही. पोर्टलवरच्या ‘व्हेरिफाइड’ शिक्क्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की कोणीतरी एका दिवशी कागद पाहिले आणि सभासदत्वाची फी भरली गेली.

म्हणून माणूस तपासायचा असेल तर त्याने दिलेला फोन वापरू नका. वेबसाइटवरचा, आपण स्वतः शोधलेला क्रमांक लावा. ९७१ नंतर ४ आला तर तो दुबईचा लँडलाइन, ५ आला तर मोबाइल. तुमच्या कागदांवर दोन्ही क्रमांक ५ चे आहेत. लँडलाइनवर विचारा की या नावाचा माणूस खरेदीत आहे का. दुबईतली भाजी-फळांची घाऊक बाजारपेठ अल अवीरला आहे. खान्देशातले कोणी ना कोणी दुबईत नोकरीला असतेच, त्याला सुट्टीच्या दिवशी त्या गाळ्यावर जाऊन यायला सांगा.

तरी कागदांपेक्षा मोठा पुरावा मला व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत दिसला. तीन कंटेनर केळीची ऑर्डर देणाऱ्याने केळीविषयी एकही प्रश्न विचारलेला नाही! चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये तेरा किलोचे १,५४० खोके बसतात, म्हणजे सुमारे वीस टन. असा माल घेणारा आधी विचारतो की फळाची जाडी किती मिलिमीटर, खोक्यात किती फण्या, तोडणी किती दिवसांची, प्री-कूलिंग कुठे, कंटेनरचे तापमान १३ ठेवणार की १४. आणि भावावर घासाघीस तर करतोच. तुमच्या पार्टीने पहिल्याच दिवशी चढा भाव मान्य केला आणि पाचव्या मेसेजमध्ये नोंदणीचे पैसे मागितले. त्याला केळी नको आहेत.

समजा उद्या खरी पार्टी मिळाली, तरी केळी उधारीवर पाठवू नका. माझा एक जुना विद्यार्थी यात पोळला. माल जेबेल अलीला पोहोचला आणि खरेदीदाराने चार डाग पडलेल्या फण्यांचे फोटो पाठवून निम्मा भाव मागितला. केळी परत आणता येत नाही, थांबवता येत नाही. त्याने निम्मे घेतले. नव्या खरेदीदाराकडून काही रक्कम माल निघण्याआधी टीटीने, म्हणजे बँकेतून बँकेत थेट, आली पाहिजे. ‘टीटीची कॉपी’ नव्हे, आपल्या खात्यात जमा. उरलेले माल बंदरात पोहोचण्याआधी, कागदांच्या स्कॅन प्रतींवर, आणि मूळ कागद त्यानंतरच सोडायचे. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यातविमा खरेदीदार बुडाला किंवा त्याने पैसे दिले नाहीत तर उपयोगी पडतो, आणि विम्याआधी ते खरेदीदाराची पत तपासतात, हाच त्यातला मोठा फायदा. पण मालाच्या दर्जावरून भांडण असेल तर त्यांचा हात आखडतो, हे लक्षात ठेवा.

डिप्लोम्याचे विचारलेत. आत्ता नको. एमपीएससीचे तिसऱ्यांदा बसायचे की नाही हे मुलाला ठरवू द्या. एक्स्पोर्ट खरोखर आवडत असेल तर त्याला सावदा-रावेर पट्ट्यातल्या एखाद्या केळीच्या पॅकहाउसमध्ये एक हंगाम कामाला लावा, पगार कमी असला तरी चालेल. सकाळी तोडणीवर, दुपारी खोके भरताना, रात्री कंटेनरच्या सीलपाशी उभा राहिला की कोणता खरेदीदार काय विचारतो, पैसे कधी येतात, क्लेम कसे होतात हे त्याला दिसेल. बी.कॉम. आहे म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग तो चटकन शिकेल. त्यानंतर कोर्स केला तर त्यातले काय शिकायचे हे त्याला कळलेले असेल.

आणि त्याने ते लायसन्स स्वतःहून तपासले होते, हे विसरू नका. कुठे तपासायचे हे त्याने शोधून काढले, पुढचे पाऊल कोणी दाखवले नव्हते एवढेच. बँकेत जाताना त्याला सोबत न्या, साहेबांना प्रश्न त्यालाच विचारू द्या आणि शाखेत काय उत्तर मिळाले ते मला कळवा.